श्रीपतरावांची ज्वारी आणि खडकवाडीचे बरड

सगळ्यांत चांगली ज्वारी कोणती, असे श्रीपतरावांना कोणी विचारले, की ते चष्मा काढून उपरण्याने पुसायचे आणि म्हणायचे, "कुणाच्या शेतात?"

विचारणाऱ्याला वाटायचे, सरकारी नोकरीतला माणूस, उत्तर द्यायचे टाळतो आहे. पण हे टाळणे नव्हते. छप्पन्न सालच्या संक्रांतीपर्यंत याच प्रश्नाला त्यांच्याकडे एका शब्दाचे उत्तर होते, आणि ते उत्तर ते न विचारतासुद्धा देत असत.

श्रीपतराव माझ्या थोरल्या बहिणीचे, शरयूअक्काचे यजमान. शेतकी खात्यात होते. जालन्याच्या बाहेर त्या काळी खात्याचा एक मळा होता, तिथे ज्वारीच्या वाणांची निवड करायचे काम त्यांच्याकडे होते. उंचीने बेताचे, चालायला मात्र घोड्यासारखे. खांद्याला पिशवी, पिशवीत मोजमापाची साखळी, सुतळी, खुंट्या आणि अक्काने बांधून दिलेली भाकरी. घरी आले की आधी पायजम्याला चिकटलेली कुसळे वेचत ओसरीवर बसायचे. अक्का म्हणायची, "आधी माणसात या, मग घरात या."

एकोणपन्नास साली ते अंबडकडे गोदावरीच्या बाजूला गेले होते. तिथल्या एका खळ्यावर कणसांच्या राशीत त्यांना एक कणीस दिसले. मुठीत न मावणारे, दाणा टपोरा, मोत्यासारखा. त्यांनी ते मागून घेतले. खळ्याचा मालक हसला आणि म्हणाला, "घ्या की, मास्तर. पर एका कणसानं पोट भरायचं न्हाई."

त्या एका कणसापासून श्रीपतरावांनी मळ्यावर वाण वाढवला. दरवर्षी उत्तम ताटे निवडायची, त्यांचे बी वेगळे ठेवायचे, पुढच्या रब्बीला ते पेरायचे. रब्बीच्या ज्वारीचे गणित वेगळे असते. ती पाऊस संपता संपता पेरतात, आणि पुढे आभाळाकडून काही मिळेल ही आशा ठेवायची नसते. पावसाळ्यात जमिनीने जे पाणी पोटात साठवले, त्यावरच कणीस भरायचे. मळ्याची जमीन काळी, खोल, पाणी धरून ठेवणारी. त्या जमिनीवर श्रीपतरावांची ज्वारी माणसाच्या डोक्यावर वाढायची. पिकायला बाकीच्यांपेक्षा उशीर लावायची, पण उत्पन्नात सगळ्यांच्या पुढे. सलग तीन वर्षे ती मळ्यावर पहिली आली. कागदोपत्री तिचे नाव 'मळा चार'. घरात मात्र श्रीपतराव तिला 'शरयू' म्हणत.

अक्काला याचा राग यायचा आणि तो खरा नसायचा. "चारचौघांत म्हणता, शरयू यंदा डोक्यावर गेली, शरयू उशिरा पिकते. लोकांना काय वाटेल?"

"लोकांना काय वाटायचंय? उद्या पोत्यांवर छापून येईल, तेव्हा सगळ्यांना कळेलच."

ते खरोखरच पोत्यांवर छापून यायचे होते. खात्याचा रिवाज असा, की एखादा वाण सगळ्या विभागासाठी शिफारशीत आला तर त्याला निवडणाऱ्याने सुचवलेले नाव मिळे. नाही तर आयुष्यभर नुसता आकडा. आजचा जालना जिल्हा तेव्हा नव्हता. जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हा सगळा भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता. या सगळ्या भागासाठी रब्बीला एकच ज्वारी निवडायची होती. श्रीपतरावांना बढतीची घाई नव्हती, पगाराची तक्रार नव्हती. त्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: बियाण्याच्या पोत्यावर बायकोचे नाव.

एकट्या मळ्यावर जिंकून ते होणार नव्हते. चार ठिकाणी पेरून दाखवायचे होते. त्यातले चौथे ठिकाण जाफराबादेकडचे खडकवाडी.

खडकवाडीत श्रीपतरावांना कडूबा भेटले. कडूबा हे गावातले जाणते शेतकरी, मोठ्या पागोट्याचे आणि त्याहून मोठ्या आवाजाचे. सरकारी माणूस आपल्या गावात पीक घेऊन पाहणार म्हटल्यावर त्यांनी गाव गोळा केले. जमीन कुठली द्यायची, यावर चर्चा झालीच नाही. ओढ्याकाठची गाळाची पट्टी. गावातली सगळ्यांत उत्तम जमीन ती, दुसरी कुठली देणार? पाहुण्याला आपण घोंगडी देतो ती फाटकी देत नाही, ताटात वाढतो ती भाकरी करपलेली वाढत नाही. श्रीपतरावांनी पट्टी पाहिली, मनापासून आनंदले, आभार मानले आणि खुंट्या ठोकल्या.

पुढे जे घडले त्याचे मूळ या मानपानात होते. पण तेव्हा ते कोणालाच दिसले नाही, आणि दिसते तरी कडूबांनी दुसरी जमीन दिली नसती.

त्या वर्षी चारही ठिकाणी मळा चार पहिली आली. खडकवाडीत तर अशी आली, की कडूबांनी खळ्यावरच जाहीर केले, "पुढल्या साली माझ्या समद्या रानात साहेबाची जवारी. आन् माझी बरी आली, का मंग आख्ख्या गावात. ती जुनी बुटकी आता बंद!"

बुटकी म्हणजे खडकवाडीची पिढ्यान्‌पिढ्यांची ज्वारी. कमरेच्या थोडी वर वाढणारी, कणीस लहान, दाणा बारीक. तिची बाजू घेणारे एकच माणूस गावात होते, कडूबांच्या घरधनीण गोजरबाई. त्यांनी नवऱ्याचे म्हणणे ऐकून घेतले आणि लिंबाखालच्या एका तुकड्यात गुपचूप बुटकी पेरली. बी मोडायचे नाही, एवढाच त्यांचा हिशेब. "चांगली हाय म्हणून न्हाई," त्या नंतर म्हणाल्या, "सासूनं दिल्ती म्हणून."

छप्पन्नच्या संक्रांतीला कडूबांचे हुरड्याचे आमंत्रण आले. श्रीपतराव रोडवेजच्या गाडीने जाफराबादेला उतरले आणि पुढे बैलगाडीने खडकवाडीला पोहोचले. ओढ्याकाठच्या पट्टीत आगटी पेटली होती. मळा चारची कोवळी कणसे निखाऱ्यात भाजून हुरडा चोळला जात होता. हिरवा, गोड, दुधाळ दाणा. श्रीपतराव खूश झाले. फक्त एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. ते माळाकडे तोंड करून बसले, की कडूबा उठून नेमके त्यांच्यासमोर येऊन उभे राहत. ते उजवीकडे सरकले, तर कडूबाही उजवीकडे सरकत.

"कडूबा, बसा ना. उभे का?"

"बसून बसून पाय आखडले, साहेब."

"मग जरा बाजूला तरी उभे राहा. मला तुमचं माळावरचं रान बघायचंय."

"त्याच्यात काय बघायचंय? हुरडा घ्या. गोजरे, साहेबांना चटणी वाढ!"

गोजरबाईंनी चटणी वाढली आणि वाढता वाढता म्हणाल्या, "बघू द्या की त्यांना. त्यांचीच लेक हाय. सासरी कशी नांदून राह्यली, बापानं बघू न्हाई का?"

"तू गप राय!"

"मी गपच हाय. जवारी बोलून राह्यली."

श्रीपतराव उठले. माळाच्या उतारावर कडूबांचे बरड रान होते. तिथे मळा चार उभी होती, पण ओळखू येईना. ताटे वाढली होती तशी बऱ्यापैकी, पाने मात्र खालून वरपर्यंत करपलेली. कणसे बाहेर आलेली, पण हाताला हलकी लागत होती. श्रीपतरावांनी एक कणीस चोळले. तळहातावर कोंडा आला, आणि कोंड्यात मधूनमधून चिपाडासारखे दाणे.

कडूबा मागे उभे होते. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण बोलताना शरमून गेला होता. "साहेब, तुमचा दोष न्हाई. आमच्याकडूनच काही तरी चुकलं आसंल. दिष्ट लागली आसंल."

"दिष्ट लागायला बघण्यासारखं काही पायजे ना," गोजरबाई म्हणाल्या.

मग त्यांनी श्रीपतरावांना लिंबाखालचा आपला तुकडा दाखवला. तीच उतरती जमीन, तोच बरड. बुटकी तिथे पिकून पिवळी पडली होती. कणसे लहान, पण दाण्यांनी गच्च. गोजरबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, आणि त्यांनी तो लपवायचा काहीही प्रयत्न केला नाही.

श्रीपतराव बांधावर बसले. त्यांना ज्वारी हरल्याचे वाईट वाटलेच, पण त्याहून मोठा धक्का वेगळा होता. हलक्या जमिनीत पीक कमी येते, हे काय त्यांना ठाऊक नव्हते? ते शेतकी खात्यातले होते. पण त्यांचा समज असा, की जमीन हलकी असेल तर सगळ्याच वाणांचे उत्पन्न घटेल, क्रम तोच राहील. वर्गातला पहिला मुलगा; पेपर अवघड आला तर त्याला गुण कमी मिळतील, पण पहिला तोच. इथे क्रमच उलटला होता. पहिला नापास आणि शेवटचा पास.

"कडूबा, पहार आहे का?"

पहार आली. श्रीपतरावांनी ती बरडात मारली. जेमतेम हातभर आत गेली आणि खण्‌कन वाजली. खाली मुरूम. मग ते ओढ्याकाठच्या पट्टीत गेले आणि तिथे मारली. पहार लोण्यात शिरावी तशी शिरली. कुदळीने खणत गेले, तरी काळी, ओली माती संपेना. शेवटी श्रीपतराव स्वतः छातीपर्यंत खड्ड्यात उभे राहिले. वर आगटीभोवती बसलेले लोक हुरडा खाता खाता पाहत होते.

"साहेब, हिर खणून राह्यले का?" एकाने विचारले.

"नाही हो. चूक शोधतोय," खड्ड्यातून उत्तर आले.

आणि ती सापडली. खोल जमीन पाण्याचा मोठा रांजण, बरड म्हणजे तांब्या. बुटकी लवकर फुलते, लवकर दाणा भरते; तांब्यातले पाणी संपायच्या आत तिचे काम उरकलेले असते. मळा चार सावकाश वाढते, मोठी पाने काढते, पाणी भराभर पिते आणि दाणा भरायची वेळ येते तेव्हा तांब्या रिकामा. हीच ज्वारी रांजणावर बसली, तर शेवटपर्यंत पीत राहते आणि सगळ्यांच्या पुढे जाते. अंबडच्या खोल रानात ती जन्मली, मळ्याच्या खोल रानात तिची निवड झाली, आणि खडकवाडीत तिची परीक्षाही घेतली ती ओढ्याकाठच्या गाळात. चार ठिकाणी जिंकली म्हणून श्रीपतराव नाचत होते. गावे चार होती, पण जमीन चारही ठिकाणी एकच होती.

श्रीपतराव खड्ड्यातून वर आले आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी मला इथंच, या बरडावर पट्ट्या द्या."

यावर मात्र कडूबांचा आवाज परत आला. "ते न्हाई व्हायचं! सरकारी माणसाला आम्ही बरडावर बसवलं, आसं पंचक्रोशीत व्हऊ द्यायचं का? बिलकुल न्हाई!"

"अहो, मीच मागतोय ना?"

"तुम्ही मागाल हो. तुम्ही भले माणूस. पर लोक मला म्हणतील, कडूबानं पाहुण्याला खडक दिला. आमच्या इज्जतीचा सवाल हाय, साहेब."

वाद पुष्कळ चालला. एक म्हातारा म्हणाला, गाळाची नको तर मधली द्या. दुसरा म्हणाला, बरडच द्यायचा तर त्यात गाळ टाकून द्या. श्रीपतरावांनी कपाळाला हात लावला. शेवटी गोजरबाईच म्हणाल्या, "दोन्ही द्या. वढ्याला बी आन् बरडाला बी. दोन्हीकडं साहेबाची आन् माझी, बराबर शेजारी शेजारी. मान बी व्हईल आन् साहेबाचं काम बी. पर एक सांगते, साहेब, दोन्हीकडं माझीच जितंल."

"ओढ्याकाठीसुद्धा?"

"बरडावर जितली ती वढ्याला हरंल का? जितली तर तुम्ही माझ्या जवारीपुढं नारळ फोडायचा."

"आणि हरली तर?"

"तर पुरणाची पोळी. तूप लावून."

श्रीपतराव हसले. गोजरबाईंचा समज अगदी त्यांच्याच समजासारखा होता, फक्त उलट्या बाजूने.

घरी आल्यावर त्यांनी अक्काला सगळे सांगितले. अक्काने ऐकून घेतले आणि म्हटले, "म्हणजे माझं नाव घेऊन खडकवाडीत तोंडावर आपटली म्हणा की."

"तसं नाही गं. जमीन वेगळी, म्हणून क्रम उलटला. पण एकच वाण एका जागी पहिला आणि दुसऱ्या जागी नापास, हे लोकांना पटवायचं कसं?"

"त्यात न पटण्यासारखं काय आहे? माझ्या हातची आमटी माहेरी भांडून संपते. तुमच्याकडं आल्यावर तुमच्या आईंनी कधी दुसऱ्यांदा घेतली? आमटी तीच, करणारी तीच." वर ती म्हणाली, "आणि तुमच्या आईंच्या हातची माझ्या भावांना घशाखाली उतरत नाही."

त्या भावांपैकी मी एक. हे खरे आहे.

छप्पन्नच्या पावसाळ्यानंतर पेरण्या झाल्या. या खेपेला श्रीपतरावांनी नुसती एकेक पट्टी पेरली नाही. प्रत्येक जागी दोन्ही ज्वारीच्या पट्ट्या आलटून पालटून, पुन्हा पुन्हा पेरल्या, म्हणजे एखाद्या पट्टीला कुठे ओल जास्त मिळाली म्हणून निकाल फिरायला नको. मळ्यावरही बुटकी पेरली. मळ्यावरचा मुकादम मच्छिंद्र दर सकाळी तिच्याकडे बघून म्हणायचा, "साहेब, ही जवारी हाय का कोथिंबीर?"

माघ संपता संपता निकाल समोर आला. मळ्यावर मळा चार खूप पुढे. बुटकीने तिथे आपले कणीस लवकर भरले आणि पिकून मोकळी झाली. खालच्या थरातले उरलेले पाणी तिच्या कामाचेच नव्हते. अंबडकडेही तसेच, भोकरदनकडेही तसेच. खडकवाडीच्या ओढ्याकाठी मळा चार पुढे; गोजरबाई त्या पट्टीसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बेइमान!" ते बुटकीला होते. बरडावर मात्र बुटकी स्पष्ट पुढे, आणि मळा चारची कणसे पुन्हा पोकळ.

पैज दोघेही जिंकले आणि दोघेही हरले. श्रीपतरावांनी बरडावर बुटकीपुढे नारळ फोडला. गोजरबाईंनी पुरणपोळी केली. कडूबांनी दोन्हीकडचा प्रसाद घेतला आणि आपण कुठलीच पैज न लावता जिंकलो, असे चारचौघांना सांगितले.

पण श्रीपतरावांची खरी परीक्षा पुढेच होती. उन्हाळ्यात जालन्याला खात्याची बैठक भरली. शिफारस ठरवणारे वरिष्ठ अधिकारी काकासाहेब होते. माणूस दिलदार, गडगडाटी हसणारा, पण घाईचा. गेल्या वर्षी खडकवाडीच्या बरडावर काय झाले ते त्यांच्यापर्यंत गेले नव्हते. त्यांच्यासमोर यंदाचे सगळ्या ठिकाणचे आकडे होते आणि त्यांची सरासरी होती. सरासरीत मळा चार पहिलीच होती.

मी वाणिज्य शिकलो, आणि सरासरीवरच माझी सगळी नोकरी गेली. तेव्हा एवढे सांगू शकतो, की सरासरीत एक शेत बुडाले तरी वरून पाणी शांतच दिसते. चार जागी भरघोस जिंकणारा वाण पाचव्या जागी पार झोपला, तरी बेरीज करून भागले की तो पहिलाच.

काकासाहेब कागद मिटत म्हणाले, "छान. मळा चार. सगळ्या विभागाला. श्रीपतराव, नाव काय सुचवलंत? शरयू? वा! वहिनींचं नाव का? चहा पाजा मग!"

सगळे हसले. श्रीपतरावांनी फक्त मान हलवली असती, तर पुढच्या हंगामात पोत्यांवर 'शरयू' छापून आले असते. जाफराबादेकडच्या माळरानांतही ती पोती गेली असती, आणि सरकारी शिफारशीवर विसंबून खडकवाडीसारख्या किती तरी गावांनी आपल्या जुन्या ज्वारीचे बी मोडले असते.

श्रीपतराव उठले. कोपऱ्यात त्यांनी गोणपाटात गुंडाळून ताटांच्या चार पेंढ्या आणल्या होत्या. रोडवेजच्या टपावर बांधून आणताना कंडक्टरशी भांडण झाले होते. त्या पेंढ्या त्यांनी काकासाहेबांच्या टेबलावर ठेवल्या. कागद, दौत, चहाच्या बशा, सगळे बाजूला सरकले.

"हे काय? कडबा?"

"साहेब, या दोन पेंढ्या ओढ्याकाठच्या आणि या दोन बरडाच्या. गाव एक, शेतकरी एक, पेरणीचा दिवस एक. यातली पहिली कोणती ते आपण सांगा."

काकासाहेबांनी ओढ्याकाठच्या पेंढ्या पाहिल्या. मळा चारचे कणीस तळहातावर तोलले, शेजारचे बुटकीचे उचलून खाली ठेवले. "ही. उघड आहे."

मग बरडाच्या पेंढीतले मळा चारचे कणीस उचलले. ते इतके हलके होते, की त्यांचा हात अपेक्षेपेक्षा वर गेला. त्यांनी ते चोळले. कोंडा उडाला आणि थोडा चहात पडला. मग बुटकीचे चोळले. तळहातावर दाणे आले.

"हं," काकासाहेब म्हणाले. "पण श्रीपतराव, डिसेंबरात एखादा पाऊस झाला तर? तर तुमची बरडावरही निभावेल."

"निभावेल, साहेब. तसं एखादं वर्ष येतंही. पण न येणाऱ्या पावसाच्या भरवशावर लोकांना बी कसं देऊ?"

"मग माळरानाला काय द्यायचं?"

"त्यांचीच बुटकी. तिच्यात उत्तम ताटं निवडून बी सुधारू. आणि मळा चार खोल काळ्या जमिनीला. तालुका बघून नको, जमिनीची खोली बघून."

"म्हणजे एका विभागाला दोन शिफारशी." काकासाहेबांनी चहातला कोंडा बोटाने काढला. "आणि तुम्हाला माहीत आहे ना, सगळ्या विभागाला नसेल तर नाव मिळत नाही? आकडाच राहतो."

"माहीत आहे."

"वहिनींना काय सांगाल?"

"ते अजून ठरवलं नाही," श्रीपतराव प्रामाणिकपणे म्हणाले, आणि काकासाहेब असे गडगडाटी हसले, की बाहेरचा शिपाई आत डोकावला. हसणे ओसरल्यावर त्यांनी कागद पुन्हा उघडला आणि एका शिफारशीच्या जागी दोन लिहिल्या.

श्रीपतराव घरी आले ते ओसरीवर कुसळे वेचत बसले. त्या दिवशी पायजम्याला एकही कुसळ नव्हते. अक्काने ओळखले.

"नाही ना मिळालं?"

"मिळत होतं. मी नको म्हटलं."

अक्का वळली. आत गेली. श्रीपतरावांना वाटले, रागावली. ती बाहेर आली ती वाटीत आमटी घेऊन. "चाखून बघा. तुमच्या आईंच्या पद्धतीनं केलीय. इथल्या जमिनीला मानवेल अशी."

श्रीपतरावांनी चाखली. पुढे ते नेहमी सांगत, की ती आमटी उत्तम होती. अक्का सांगते, की ते खोटे बोलतात.

पुढच्या हंगामाआधी बियाण्याची पोती बाजारात आली. कडूबा पोती न्यायला जालन्याला आले, तेव्हा श्रीपतरावांकडे जेवायला थांबले. एकच पोते घेतले होते, ओढ्याकाठच्या पट्टीपुरते. बरडाला गोजरबाईंची बुटकी होती. त्यांनी निरोप धाडला होता, की साहेबांना म्हणावे, औंदा नारळ मी फोडीन, वढ्याला.

पोते ओसरीवर टेकवले होते. अक्काने खाली वाकून त्यावरची काळी अक्षरे मोठ्याने वाचली: "मळा चार. फक्त खोल काळ्या जमिनीसाठी."

श्रीपतराव तिच्या चेहऱ्याकडे चोरून बघत होते.

"नाव नाही लागलं खरं," अक्का सरळ होत म्हणाली, "पण पत्ता तर बरोबर लिहिलाय. आता चुकीच्या घरी जायची नाही." आणि कडूबांकडे वळून, "भाऊ, हात धुवा. आणि तुमच्या साहेबांना आत घेऊन या. त्या पोत्याकडं किती वेळ बघत बसणार आहेत, विचारा."